शेकमधलं कच्चं पांढरं आणि बायोटिन: हिशोब, उष्णता आणि इडलीपात्र

माझ्या भाच्याचा खुराक पहाटे साडेपाचला सुरू होतो. आठ अंडी फोडायची, पिवळं वाटीत काढून आईच्या हवाली करायचं, पांढरं शेकरमध्ये ओतायचं, वर थंड दूध, एक केळं, दोन चमचे पीनट बटर. उभ्याउभ्या ते संपवून होटगी रस्त्यावरच्या जिमला पळायचं. पाच महिने हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून बसते, पण घरच्यांना आपली आठवण केस गळायला लागल्यावरच येते. एका रविवारी तो आला आणि म्हणाला, "आत्या, कच्च्या अंड्यानं बायोटिन संपतं म्हणे. खरं काय की?"

जिममधली पोरं त्याला म्हणाली होती, हे सगळं इंटरनेटवरचं. तालमीतले वस्ताद म्हणाले होते, उकडलं की अंड्यातली ताकद जाते, आम्ही आयुष्यभर कच्चीच मारली. दोघांचंही चुकलंय, पण वेगवेगळ्या ठिकाणी. थोडक्यात उत्तर असं: कधीतरी एखाददुसरं कच्चं पांढरं पोटात गेलं तर बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता होत नाही. रोज सहा-आठ, महिनोन्महिने, पिवळं वगळून घेतली तर होऊ शकते. आणि नीट शिजवलं तर हा प्रश्नच उरत नाही, फक्त "नीट" म्हणजे किती हे समजून घ्यावं लागतं. कारण पांढरं घट्ट झालं म्हणजे काम झालं, असं इथे होत नाही.

पांढऱ्यात नेमकं काय आहे

कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं एक प्रथिन असतं. प्रमाण अगदी थोडं: एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन असेल, तर त्यात ॲव्हिडिन पावणेदोन मिलिग्रॅमच्या आगेमागे. कोंबडीच्या दृष्टीनं ही राखणदारी आहे. कवचातून एखादा जंतू आत शिरलाच तर त्याला वाढायला बायोटिन मिळू नये, म्हणून पांढऱ्यात बायोटिन पकडून ठेवणारं काहीतरी पेरलेलं असतं. ॲव्हिडिनच्या एका रेणूला चार खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत बायोटिनचा एक रेणू बसतो. ही पकड इतकी घट्ट असते की रेणू नुसते एकमेकांना चिकटून राहतात अशा निसर्गातल्या बंधांमध्ये तिचं उदाहरण देतात. आपल्या आतड्यातले पाचक रस ती सोडवू शकत नाहीत. पकडलेलं बायोटिन ॲव्हिडिनसकट शौचावाटे निघून जातं.

हे शोधायलाही वेळ लागला. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना वाळवलेलं कच्चं पांढरं खाऊ घातलं तेव्हा त्यांची कातडी सोलवटली आणि केस गेले. शिजवलेलं पांढरं दिलेल्यांना तसं झालं नाही. लोकांना वाटलं पांढऱ्यात काही विष आहे. विष नव्हतं, चोरी होती. पण चोर कोण आणि माल कोणता हे कळायला १९४१ साल उजाडलं.

माणसावर याची परीक्षा १९४२ मध्ये झाली. अमेरिकेत सिडनस्ट्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार स्वयंसेवकांना बायोटिन कमी असलेला आहार दिला, आणि त्यात रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ३० टक्के वाळवलेल्या पांढऱ्यातून दिले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्वचा कोंडा पडल्यासारखी सुटू लागली. नंतर थकवा, स्नायूदुखी, मन उदास होणं, भूक जाणं अशी लक्षणं आली. बायोटिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर काही दिवसांत सुधारणा दिसली. आता त्या ३० टक्क्यांचा अर्थ लावा. २००० किलोकॅलरीतल्या ६०० कॅलरी म्हणजे, एका पांढऱ्याला १७ धरल्या, तर रोजची पस्तीसेक अंडी. माझा भाचा आठवर होता. जिमची पोरं "पस्तीस कोण खातं?" म्हणून हसतात ते इथपर्यंत बरोबर आहे. पण तिथे तीन आठवड्यांत जे दिसलं ते आठवर कधीच होणार नाही, असा त्याचा अर्थ निघत नाही.

आधी बघा, शेकरमध्ये काय ओतताय

बहुतेक जण इथेच फसतात, कारण सगळ्याला "एग व्हाईट" म्हणतात. घरी फोडलेलं ताजं पांढरं कच्चं असतं हे उघड आहे. पण बाटलीत किंवा खोक्यात मिळणारं पाश्चराईज्ड द्रव पांढरं? त्यावर "सुरक्षित, थेट प्या" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं आणि ते एका अर्थानं खरंही आहे. पण पांढऱ्याचं पाश्चरायझेशन ५६-५७ अंशांच्या आसपास काही मिनिटं करतात. त्याहून जास्त तापवलं तर बाटलीतच गोठेल. एवढ्या उष्णतेत साल्मोनेला मरतो. ॲव्हिडिनला मात्र काही होत नाही. म्हणजे जंतूंच्या दृष्टीनं तुम्ही सुरक्षित, बायोटिनच्या दृष्टीनं जिथल्या तिथे.

वाळवलेल्या पांढऱ्याच्या पावडरीचंही तसंच. फवाऱ्यानं वाळवलेल्या पावडरीत ॲव्हिडिन इतकं शाबूत राहतं की प्रयोगशाळेत प्राण्यांना मुद्दाम बायोटिनची कमतरता करायची असते तेव्हा तीच वापरतात. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. व्हे प्रोटीनमध्ये मात्र ॲव्हिडिन नसतं, ते दुधापासून येतं. त्यामुळे "प्रोटीन पावडर" म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. डब्यामागची घटकांची यादी वाचा आणि अंड्याच्या पांढऱ्याची पावडर असेल तर तिला कच्च्याच्या रकान्यात टाका.

मग आपला हिशोब मांडा

कागद घ्या. एक मिलिग्रॅम ॲव्हिडिन साधारण १४ मायक्रोग्रॅम बायोटिन धरून ठेवू शकतं. म्हणजे एका कच्च्या पांढऱ्याची कमाल धारणशक्ती २५ मायक्रोग्रॅमच्या जवळपास. अंड्याअंड्यात फरक असतो, पण हिशोबाला हा आकडा पुरतो. दुसऱ्या बाजूला, प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसं धरतात, आणि एका शिजवलेल्या आख्ख्या अंड्यातून त्यातलं १०च्या आसपास मिळतं, तेही मुख्यतः पिवळ्यातून.

यातून पहिली गोष्ट दिसते ती ही, की "मी आख्खं अंडं कच्चं पितो, पिवळ्यात बायोटिन आहेच की" हा युक्तिवाद टिकत नाही. पिवळ्यात १० आहेत, शेजारच्या पांढऱ्याची क्षमता २५ची आहे.

आता भाच्याचा दिवस. आठ पांढऱ्यांची क्षमता ८ गुणिले २५, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. त्याच्या सगळ्या दिवसाच्या जेवणात, ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, रात्रीची शेंगा चटणी धरून, ३५-४० मायक्रोग्रॅम असेल. कागदावर ॲव्हिडिन पाचपट भारी. आणि पिवळं, म्हणजे भरपाईचा सगळ्यात मोठा साठा, धाकटी बहीण आणि वडील खात होते.

पण हा कमाल आकडा आहे. ॲव्हिडिन आतड्यात जे भेटेल तेच पकडू शकतं. पहाटेच्या शेकमधलं दूध आणि पीनट बटर त्याच्या तावडीत पूर्ण सापडलं असणार, कारण ते एकाच भांड्यात फिरवले गेले. शेंगदाण्यात बायोटिन चांगलं असतं, आणि तेच त्यानं चोराच्या हातात नेऊन दिलं होतं. दुपारच्या जेवणाची गाठ उरल्यासुरल्याशी पडेल, रात्रीच्या जेवणाची त्याहून कमी. शिवाय शरीर बायोटिन एकदा वापरून फेकून देत नाही. जुन्या प्रथिनांतून ते सोडवून पुन्हा वापरतं. म्हणून कमतरता एका दिवसात येत नाही, आठवड्या-महिन्यांनी हळूहळू येते.

हळूहळू येते, पण आतून ती लवकर सुरू होते, हेही लक्षात घ्या. १९९७ साली मॉक आणि सहकाऱ्यांनी दहा निरोगी प्रौढांना वीस दिवस कच्च्या पांढऱ्याचा आहार दिला. बायोटिन कमी पडलं की ल्युसिन या अमिनो आम्लाचं विघटन अर्धवट राहतं आणि ३-हायड्रॉक्सी-आयसोव्हॅलेरिक आम्ल नावाचा पदार्थ लघवीत वाढतो. तिसऱ्या दिवशीच निम्म्या जणांत तो वाढलेला होता. ल्युसिन म्हणजे तेच, ज्यासाठी जिममधली पोरं बीसीएएचे डबे विकत घेतात. महागडं ल्युसिन घ्यायचं आणि ते वापरणारं यंत्र कच्च्या पांढऱ्यानं ढिलं करायचं, असा तो प्रकार.

तेव्हा तुमच्या हिशोबात तीन प्रश्न विचारा: पांढरी किती, रोज की अधूनमधून, आणि पिवळं खाता का. आठवड्यातून दोनदा एखादं कच्चं पांढरं असेल तर हा लेख इथेच मिटवलात तरी चालेल. रोज चारच्या वर असेल आणि दोन-तीन महिने झाले असतील तर पुढचं वाचा. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोनची गोळी सुरू असेल, रोज दारू असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर एकही कच्चं नको. या सगळ्यांचं बायोटिन आधीच काठावर असू शकतं.

उष्णता: ६२ आणि ८५ यांच्यामधली गफलत

आता मुख्य मुद्दा. पांढरं गोठायला सुरुवात होते ती ६२ अंशांच्या आसपास. त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन आधी हार मानतं आणि पांढरं दुधाळ होतं. ७० पर्यंत ते चमच्यानं कापता येईल असं होतं. डोळ्यांना वाटतं, शिजलं. पण ॲव्हिडिनची घडी उलगडते ती ८५ अंशांच्या जवळ. या वीस-पंचवीस अंशांच्या पट्ट्यात पांढरं दिसायला शिजलेलं आणि बायोटिनच्या दृष्टीनं अर्धकच्चं असतं. रस्त्यावरच्या गाडीवरचं हाफ फ्राय, वरचा पांढरा थर थरथरणारं, याच पट्ट्यात येतं. पाण्यात फोडून दोन मिनिटांत उचललेलं अंडंही तसंच. अशा झटपट शिजवलेल्या अंड्यांतलं ॲव्हिडिन तपासलं तर त्यातलं बरंचसं जिवंत सापडतं.

अजून एक खोच आहे. ॲव्हिडिनच्या खाचेत बायोटिन आधीच बसलेलं असेल तर त्याची घडी कितीतरी मजबूत होते आणि ते १०० अंशांनाही दाद देत नाही. म्हणून कच्चं पांढरं दूध-शेंगदाण्यात फिरवून मग ते मिश्रण गरम करणं ही उलटी चाल आहे. पांढरं एकटं शिजवायचं, बाकीचं नंतर मिसळायचं.

भाच्याचा पहिला उपाय ऐकण्यासारखा होता. "मग मी उकळतं दूध ओततो की शेकरमध्ये. झालं ना काम?" मी त्याला वहीवर गणित करायला लावलं. २०० मिलिलिटर दूध, गॅसवरून उतरवलेलं, ९५ अंशांचं. चार पांढरी म्हणजे सुमारे १३० ग्रॅम, खोलीच्या तापमानाची, २५ अंश. २०० गुणिले ९५ म्हणजे १९,०००. १३० गुणिले २५ म्हणजे ३,२५०. बेरजेला ३३० नं भागा. उत्तर ६७. तेही शेकर स्वतः उष्णता पीत नाही असं धरून. मे महिन्यातलं आमचं सोलापूर घेतलं, अंडी ३८ अंशांची, तरी ७२-७३. म्हणजे दूध फुटल्यासारखं होईल, पांढऱ्याचे तुकडे तरंगतील, आणि ॲव्हिडिन त्यात आरामात बसलेलं असेल. गरम चहात अंडं फेटून पिणाऱ्या आजोबांनाही हेच लागू.

पाण्याचा उत्कलनबिंदू उंचीवर उतरतो म्हणून कुणी विचारेल: सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथलं पाणी ९८ च्या थोडं वर उकळतं. ८५ गाठायला त्यानं काही अडत नाही.

शिजवायचं कसं

सगळ्यात सोपं, अंडं कवचासकट उकडणं. पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग झाऱ्यानं अंडी हळूच सोडा, उकळी परत आली की १२ मिनिटं लावा. फ्रिजमधून काढलेली असतील तर एखादं मिनिट जास्त. अंडं बाहेरून आत तापतं, म्हणून सगळ्यात उशिरा तापणारं पांढरं हे पिवळ्याला चिकटलेलं. त्याची परीक्षा पिवळं करतं: एक अंडं कापा. पिवळं मधोमधही कोरडं, भुरभुरीत, फिकट असेल तर त्याच्या बाहेरचं पांढरं त्याहून गरम होऊन गेलेलं आहे. मध्ये ओलसर, गडद, जेलीसारखा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं हवी होती. पिवळ्याभोवती हिरवट कडा आली तर जरा जास्त झालं, पण तो फक्त दिसण्याचा दोष आहे.

भुर्जी किंवा पातळ ऑम्लेट हाही चांगला मार्ग, कारण थर पातळ असला की उष्णता आरपार लवकर जाते. दोन्ही बाजू उलटा, पाणी सुटलेलं दिसतंय तोवर उतरवू नका. भुर्जीतून वाफ निघते आणि तव्यावर ओल उरत नाही तिथे थांबा.

मायक्रोवेव्ह असेल तर तीन पांढरी मोठ्या कपात काट्यानं नुसती मोडून घ्या, ३०-३० सेकंदांच्या टप्प्यांनी तापवा आणि दरवेळी ढवळा. फुगून वर आलं आणि मध्ये ओलं काही दिसत नाही की आणखी एक टप्पा द्या. मायक्रोवेव्ह मधूनमधून थंड खड्डे ठेवतो, म्हणून हा शेवटचा टप्पा. आख्खं अंडं कवचासकट आत ठेवू नका, फुटतं आणि भाजतं.

खात्री करायची असेल तर स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर घ्या. गोळ्याच्या मधोमध टोक खुपसा. ८५ दिसले की उतरवायची घाई न करता दोन-तीन मिनिटं त्याच उष्णतेत राहू द्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे हे करतात, आणि वर सांगितलेल्या डोळ्यांच्या खुणा सांभाळल्या तर न केलं तरी चालतं.

शेक सोडायचा नसेल तर

भाच्याला शेक हवाच होता. पहाटे आठ अंडी सोलत बसणं त्याला शक्य नव्हतं आणि आख्खी आठ अंडी खाणं त्याच्या आईला मान्य नव्हतं. इथे वहिनीचं इडलीपात्र कामी आलं.

रात्री पांढरं वेगळं काढायचं. चिमूटभर मीठ टाकून काट्यानं फक्त मोडायचं, फेस आणायचा नाही. फेस आला तर हवा अडकते आणि मधला भाग उशिरा तापतो. साच्यांना तेलाचं बोट लावायचं. प्रत्येक साच्यात पाऊण भरायचं, कारण वाफेवर ते फुगतं. पाणी उकळल्यावरच पात्र आत ठेवायचं आणि १२ मिनिटं वाफवायचं. सुरी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे आणि मधला भाग दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. गार झाल्या की डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. दोन दिवसांत संपवायच्या. उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराच्या वर ठेवायच्या नाहीत. कच्ची असोत की शिजलेली, अंड्याला आमचा मे सोसत नाही.

सकाळी मिक्सरची एक युक्ती पाळायची. आठही इडल्या एकदम दुधात टाकल्या तर रवाळ, दाताखाली लागणारा शेक होतो आणि पोरगं पुन्हा कच्च्याकडे वळतं. आधी इडल्यांचे तुकडे आणि फक्त बुडतील एवढं दूध घालून मिनिटभर वाटायचं, दह्यासारखं गुळगुळीत होईपर्यंत. मग उरलेलं दूध, केळं, पीनट बटर. चवीला गंधकाचा किंचित वास येतो; चिमूटभर वेलची किंवा थोडी कॉफी टाकली की तो दबतो.

आता वस्तादांच्या "ताकद जाते" या मुद्द्याकडे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये लहान आतड्याच्या टोकाशी किती प्रथिन न पचता उरतं ते मोजलं. लोक मोजके पाचच होते, पण फरक मोठा होता: शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्याचं ५१. भाच्याच्या आठ पांढऱ्यांत २८ ग्रॅम प्रथिन. त्या प्रमाणानं कच्चं पिऊन त्याला १४ ग्रॅम मिळत होतं, शिजवून २५ मिळेल. म्हणजे पाच महिने तो आठ अंडी फोडून चारच खात होता. वस्तादांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते वयानं मोठे आहेत आणि त्यांचं मनगट माझ्या मांडीएवढं आहे.

महिनोन्महिने कच्चं पीत आला असाल तर

आरशात बघायच्या खुणा या: डोळे, नाक, तोंड आणि गुप्तांगाभोवती लालसर, कोंड्यासारखं सुटणारं पुरळ, भुवया आणि पापण्यांसकट केस विरळ होणं, डोळे चुरचुरणं, हातापायांना मुंग्या, विनाकारण मरगळ. नुसतं डोक्यावरचं केस गळणं आणि बाकी त्वचा स्वच्छ, असं असेल तर कारण बहुधा दुसरं आहे. घाईनं उतरवलेलं वजन, कमी लोह, थायरॉइड, वडिलांकडून आलेलं टक्कल, हे आधी तपासायचं.

उपाय साधा आहे: कच्चं बंद, पिवळं सुरू. लक्षणं असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि खुराक खरा सांगा. "अंडी खातो" एवढंच सांगितलं तर त्यांना कच्ची आहेत हे कसं कळणार? रक्तातलं बायोटिन मोजण्याची चाचणी सुरुवातीची कमतरता सहसा पकडत नाही, म्हणून तिच्यावर पैसे घालण्याआधी विचारा.

आणि गोळीची घाई नको. भाच्यानं नेमकी तीच केली होती. मला विचारायला येण्याच्या तीन आठवडे आधी औषधाच्या दुकानातून १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी आणून रोज घेत होता. मग थकवा वाटतो म्हणून त्यानं रक्त तपासलं, तर टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी४ वाढलेलं. घरात थायरॉइडची रडारड. बिघाड थायरॉइडमध्ये नव्हता, रक्तातल्या बायोटिननं चाचणीलाच चकवलं होतं. अशा अनेक चाचण्यांमध्ये पकड म्हणून वापरतात ते स्ट्रेप्टॅव्हिडिन, म्हणजे ॲव्हिडिनचा जिवाणूंकडचा चुलतभाऊ. त्याच्या खाचा गोळीतल्या बायोटिननं भरून गेल्या की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी४ खोटं जास्त. हृदयविकारासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही अशीच खोटी कमी येऊ शकते, आणि तिथे चूक जिवावर बेतते. म्हणून मोठ्या मात्रेची गोळी सुरू असेल तर रक्त देताना आणि डॉक्टरांना ते आधी सांगा. नियमित तपासणी असेल तर त्यांना विचारून दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवा.

भाच्यानं गोळी बंद केली, आठवड्यानं पुन्हा रक्त दिलं, थायरॉइड ठीक निघालं. आता पुन्हा हिशोब करा: गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम, ॲव्हिडिनची क्षमता २००. त्या तीन आठवड्यांत त्याला बायोटिन कमी पडणं शक्यच नव्हतं, तरी केस गळतच होते. पुरळ कुठेच नव्हतं. विचारता विचारता निघालं की त्यानं चार महिन्यांत अकरा किलो उतरवले होते. अशा उतरणीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. बायोटिनची थोडी चोरी त्या आधीच्या महिन्यांत झाली असेलही. कच्चं बंद करायचं कारण तेवढंच होतं, केसांचं गुपित मात्र वजनकाट्याकडे निघालं.

आता वहिनीची एकच तक्रार उरली आहे. इडलीपात्राला अंड्याचा वास राहतो आणि रविवारच्या इडल्यांना तो लागतो. साचे गार पाण्यानं आधी धुवायचे, गरम पाण्यानं नाही. गरम पाण्यात उरलेलं पांढरं चिकटून बसतं. मग चिंचेच्या कोळानं किंवा लिंबाच्या सालीनं चोळायचे. तरी तिनं भाच्याला वेगळा साचा आणायला लावलाच.